डिस्क वाढवल्या आणि सर्व्हर सुरू होताना बसायला लागला: बारा व्होल्टचा हिशेब

आधी लक्षणं सांगतो. घरी जोडलेल्या फाइल सर्व्हरमध्ये सहाच्या आठ किंवा आठच्या दहा डिस्क झाल्या की यातलं काही ना काही सुरू होतं.

बटण दाबलं की सगळ्या डिस्क एकदम घूं करून उठतात, दोन-तीन सेकंदांत आवाज खाली बसतो, टक् असं वाजतं आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. किंवा मशीन नीट चालू होतं, पण एक डिस्क गायब असते. आज तिसरी, परवा सातवी, कधी दोन्ही. रेड अपुऱ्या डिस्कवर चालू झाल्याचा मेल येतो, तुम्ही डिस्क पुन्हा जोडता, रात्रभर रिबिल्ड चालतं आणि पुढच्या वेळी लाईट गेली की तोच खेळ. सगळ्यात बोलकं लक्षण मात्र वेगळंच आहे: एकदा का मशीन सगळ्या डिस्कसकट उठलं, की मग दिवसभर, आठवडाभर काही त्रास नाही. मोठी कॉपी चालू असली तरी नाही. आणि बरेचदा पहिल्यांदा फसलेलं मशीन लगेच रिस्टार्ट केलं की ठीक येतं, कारण तोवर डिस्क फिरत असतात आणि त्यांना शून्यापासून उठावं लागत नाही.

नेहमी एकच डिस्क गायब होत असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. ती डिस्क, तिची डेटा केबल किंवा तो पोर्ट बघा. एखादी नवी डिस्क अजिबातच फिरत नसेल, विशेषतः यूएसबीच्या डब्यातून काढलेली असेल, तर तिच्या पॉवर कनेक्टरची तिसरी पिन कारण असू शकते. नव्या साटा नियमात त्या पिनवर ३.३ व्होल्ट आलं की डिस्क बंद राहते, आणि जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसच्या केबलवर ते येतंच. तो रोग वेगळा.

मी ब्रह्मपुरीला राहतो. लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओ आणि झाडीपट्टीच्या नाटकांचं रेकॉर्डिंग करणारे दोघे-तिघे यांचे असे सर्व्हर बांधणं आणि दुरुस्त करणं हे माझं जोडकाम. हा एकच बिघाड मी इतक्यांदा पाहिला आहे की फोनवर "भाऊ, पुन्हा डिस्क गेली" ऐकलं की पहिला प्रश्न विचारतो, "डिस्क किती झाल्या आता?"

मुळात होतं काय

साडेतीन इंची डिस्क फिरत असताना साधारण सहा ते आठ वॅट खाते. पण थांबलेल्या तबकड्या ७२०० फेऱ्यांपर्यंत न्यायच्या तर मोटरला बारा व्होल्टच्या लाईनवर दोन अँपिअरच्या आसपास लागतात, म्हणजे एकट्या त्या लाईनवर चोवीस वॅट. हे काही सेकंदच चालतं. धानाच्या पोत्यांची गाडी ढकलून सुरू करायला चार माणसं लागतात, एकदा चालू लागली की एक पुरतो, तसं. दहा डिस्क एकाच क्षणी उठल्या की वीस अँपिअर नुसत्या मोटरांनाच हवेत. नेमक्या त्याच सेकंदांत प्रोसेसर आणि पंखेही जागे होतात.

एसएमपीएसला हे जमलं नाही तर दोनपैकी एक होतं. त्याचं संरक्षण काम करतं आणि तो बंद पडतो, म्हणजे मशीन रिस्टार्ट. किंवा बारा व्होल्ट क्षणभर खाली बसतं आणि ज्या डिस्कला सगळ्यात कमी मिळालं ती मध्येच मोटर सोडून देते. टक् हा आवाज तिच्या हेडचा, घाईने जागेवर परत जातानाचा. कोणाला कमी मिळेल हे दर वेळी बदलतं, म्हणून गायब होणारी डिस्कही बदलते.

पहिली तपासणी: कान आणि डिस्कचे आकडे (खर्च शून्य)

डिस्क बदलायच्या आधी तिला विचारा. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंद ठेवते.

```
sudo smartctl -A /dev/sdc | grep -E "Start_Stop|Spin_Retry|Power_Cycle|Reallocated|UDMA_CRC"
```

हे सगळ्या डिस्कवर चालवा आणि आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्कचं `Power_Cycle_Count` जवळपास सारखं असायला हवं. चार डिस्क ६१ दाखवताहेत आणि पाचवी ८४, तर पाचवीची वीज मशीन चालू असताना तुटली आहे. ती डिस्क खराब नाही, ती उपाशी आहे. `Spin_Retry_Count` शून्यावरून वर गेलं असेल तर पहिल्या प्रयत्नात तिला वेग गाठता आला नाही. याउलट `Reallocated_Sector_Ct` वाढत असेल तर डिस्क खरोखर जाते आहे, आणि नुसतं `UDMA_CRC_Error_Count` वाढत असेल तर डेटा केबल बघा.

ही तपासणी आधी यासाठी, की या बिघाडात लोक सगळ्यात जास्त पैसे चांगल्या डिस्क बदलण्यात घालवतात. नागभीडकडच्या एका स्टुडिओने मला बोलावण्याआधी दोन डिस्क बदलल्या होत्या. दोन्ही मी घरी नेऊन सुट्या एसएमपीएसवर तीन दिवस चालवल्या. काहीच झालं नव्हतं त्यांना.

दुसरी तपासणी: एसएमपीएसचं लेबल वाचणं (खर्च शून्य, पण डबा उघडावा लागेल)

डब्यावरचा मोठा आकडा सोडून द्या. लेबलवरच्या तक्त्यात +12V च्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. नागभीडचा सर्व्हर असा होता: डब्यावर ४५० वॅट, पण बारा व्होल्टला फक्त २२ अँपिअर, म्हणजे २६४ वॅट. उरलेली ताकद तीन आणि पाच व्होल्टच्या लाईनींवर कागदोपत्री वाटलेली. डिस्कच्या मोटरला तिचा उपयोग नाही.

आता त्याचा हिशेब. सुरू होताना प्रोसेसर आणि बोर्ड मिळून पाच अँपिअर धरले, चार पंख्यांना एक. झाले सहा. चार डिस्क होत्या तेव्हा आठ मिळवून चौदा, आरामात. सहा झाल्या तेव्हा अठरा. आठ झाल्या तेव्हा बरोबर बावीस, म्हणजे कड्यावर. दिवाळीत दहा केल्या आणि आकडा सव्वीसवर गेला. तेव्हापासून त्याचं दुखणं सुरू. चालू अवस्थेत मात्र दहाही डिस्क मिळून पाच-सहा अँपिअरच घेत होत्या, म्हणून दिवसभर सगळं निवांत. त्याच्या दुकानातल्या पोराने भिंतीला वॅट मोजायचं मीटर लावून पाहिलं होतं आणि "दीडशेच वॅट घेऊन राहिला, मंग काहून बंद पडते?" असं विचारत होता. भिंतीवरचं मीटर सरासरी दाखवतं. तीन सेकंदांची उसळी त्यात हरवते.

दोन अँपिअर हा माझा अंदाजाचा आकडा. तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात सुरुवातीचा कमाल करंट वेगळा दिलेला असतो. तो मिळाला तर तोच धरा. डिस्कच्या वरच्या लेबलवर छापलेले अँपिअर बऱ्याचदा चालू अवस्थेचे असतात, त्यावर हिशेब करू नका.

तिसरी तपासणी: केबल आणि स्प्लिटर

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण इथे आग लागू शकते.

साटा पॉवर कनेक्टरला बारा व्होल्टसाठी तीन बारीक पिना असतात, प्रत्येक दीड अँपिअरची. म्हणजे एका कनेक्टरची मर्यादा साडेचार अँपिअर. त्या एका कनेक्टरला एकाच्या चार करणारा स्प्लिटर लावला तर सुरू होताना आठ अँपिअर त्याच तीन पिनांतून जाणार. दर वेळी थोडी तापते, थोडी ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते. कनेक्टर काढून उजेडात धरा. पांढरं किंवा काळं प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालं असेल, पिनेभोवती वितळल्यासारखं दिसत असेल, तर तो कनेक्टर आणि त्याच्या समोरचाही फेका. साफ करून पुन्हा लावू नका.

मोलेक्सची जुनी चार जाड पिनांची जोडणी याच्या दुपटीहून जास्त सोसते. म्हणून स्प्लिटर लावायचाच तर मोलेक्सकडून साटाकडे लावा. त्यातही दोन प्रकार येतात. एकात साटाचं तोंड अखंड ओतलेल्या प्लास्टिकचं असतं. आत तारा एकमेकींना टेकू शकतात आणि ते बाहेरून कळत नाही. जळालेले बहुतेक अडॅप्टर मी याच जातीचे पाहिलेत. दुसऱ्या प्रकारात मागचं झाकण निघतं आणि तारा एकेक दाबून बसवलेल्या दिसतात. तोच घ्या.

मग डिस्क केबलींवर वाटा. एसएमपीएसमधून निघणाऱ्या प्रत्येक केबलवर तीन, फार तर चार. नागभीडला चार केबली बाहेर येत असताना एकीवर सहा डिस्क टांगल्या होत्या आणि दोन केबली रबर बँड लावून कोपऱ्यात पडल्या होत्या. वाटणी बदलली आणि दहातले सात वेळा तरी मशीन पहिल्या झटक्यात उठायला लागलं. दुखणं गेलं नाही, पण दिशा कळली.

चौथी तपासणी: अर्ध्या डिस्क काढून बघणं

मशीन बंद करा, पाच डिस्कची पॉवर काढा, चालू करा आणि लगेच बायोसच्या स्क्रीनमध्ये शिरून तिथेच थांबा. पुढे लिनक्सपर्यंत जाऊ देऊ नका. अर्ध्या डिस्कवर रेड उभा राहण्याचा प्रयत्न झाला तर नसती उठाठेव होते, आणि बायोसमध्ये असेपर्यंत डेटाला कोणी हात लावत नाही. दहा वेळा थंड सुरुवात करा. प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट थांबा, म्हणजे तबकड्या पूर्ण थांबतील. मग दुसऱ्या पाच. दोन्ही अर्धे दहाच्या दहा वेळा उठले आणि एकत्र फसले, तर दोष कुठल्याच डिस्कमध्ये नाही.

मल्टिमीटर असेल तर याच वेळी, सगळ्या डिस्क लावून, शेवटच्या रिकाम्या मोलेक्सवर पिवळी आणि काळी तार मोजा. कमीत कमी आकडा धरून ठेवायची सोय मीटरला असेल तर ती लावा. ११.४ च्या खाली दिसलं तर निदान पक्कं. साधं मीटर संथ असतं, त्यामुळे ते ११.४ दाखवतं तेव्हा खरा खड्डा त्याहून खोल असतो. ११.८ दिसलं म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. मीटरचं टोक घसरून पिवळी आणि लाल तार जोडली गेली तर सगळ्या डिस्क एकदम जातील. हात थरथरत असेल तर ही पायरी सोडा.

पाचवी तपासणी: भिंतीतून येणारी वीज

आमच्याकडे उन्हाळी धानाचे पंप लागले की २३० च्या जागी १७० व्होल्टही दिसतं. चांगला एसएमपीएस हे झेलतो. ज्याला मागे ११५-२३० चा लाल खटका असतो अशा स्वस्त एसएमपीएसचं मात्र कठीण. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमधली साठवण व्होल्टच्या वर्गाने बदलते. १७० व्होल्टला ती निम्म्याच्या जवळ येते. म्हणून तोच सर्व्हर रात्री उठतो आणि सकाळी पंप चालू असताना फसतो. लोकांना वाटतं उन्हामुळे. ऊनही असतंच म्हणा. मे महिन्यात टिनाच्या खोलीत कुठलाही एसएमपीएस लेबलवरचा आकडा देत नाही.

दोन गोष्टी फुकट करता येतात. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सोय बंद करा. वीज येते त्या मिनिटात गावातले सगळे फ्रिज आणि पंप एकदम उठतात, त्याच क्षणी तुमच्या दहा डिस्कने उठू नये. आणि सर्व्हर यूपीएसच्या बॅटरीवर असताना सुरू करू नका. वरच्या सव्वीस अँपिअरचे बारा व्होल्टला ३१२ वॅट, एसएमपीएसमधली घट धरून भिंतीकडून चारशेच्या आसपास. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. तो ओरडून बंद पडेल.

सहावी पायरी: डिस्क एकेक करून उठवणं

याला स्टॅगर्ड स्पिन-अप म्हणतात. कागदावर सोपं आहे: कंट्रोलर एकेका डिस्कला पाळीपाळीने उठवतो, मग एका वेळी वीसच्या जागी दोन-चार अँपिअर. बऱ्याच बायोसमध्ये प्रत्येक साटा पोर्टखाली `Spin Up Device` नावाची सोय असते. आठ पोर्टच्या सर्व्हर कार्डांच्या सेटिंगमध्येही एका वेळी किती डिस्क आणि मध्ये किती सेकंद, हे ठरवता येतं.

अडतं ते पॉवर केबलवर. साटा पॉवरची अकरावी पिन जमिनीला जोडलेली असेल तर डिस्क कोणाची वाट न बघता वीज मिळताच फिरते. ती मोकळी असेल तरच ती कंट्रोलरच्या इशाऱ्याची वाट बघते. साध्या एसएमपीएसच्या केबलवर दहावी, अकरावी, बारावी या तिन्ही एकत्र काळ्या तारेला जोडलेल्या असतात. त्यामुळे बायोसमध्ये सगळं चालू करूनही काही फरक पडत नाही आणि माणूस गोंधळतो.

ओळखायची युक्ती: मशीन बंद करा, एका डिस्कची डेटा केबल काढा, पॉवर राहू द्या, मशीन चालू करून बायोसमध्ये थांबा आणि डिस्कवर हात ठेवा. फिरली तर तुमच्या केबलवर हा मार्ग बंद आहे. नाही फिरली तर खुला आहे. काही हॉट-स्वॅप पिंजऱ्यांमध्ये ही पिन मोकळी असते, तिथे हे छान चालतं. पिनेवर चिकटपट्टी लावणारे लोक आहेत. मी लावत नाही, उन्हाळ्यात ती सरकते.

कंट्रोलर पाळीने उठवतो आहे का, हे लिनक्समध्ये असं दिसतं:

```
sudo dmesg | grep -iE "SSS flag|ahci.*flags|slow to respond|COMRESET"
```

`SSS flag set, parallel bus scan disabled` ही ओळ आली, किंवा flags मध्ये `stag` दिसलं, तर बोर्ड पाळी पाळतो.

दुसरा मार्ग डिस्कमध्येच आहे. `hdparm -s1` ने तिला वीज मिळाल्यावरही झोपून राहायला सांगता येतं. ही आज्ञा स्वतःच धोक्याची सूचना देते आणि ती खरी आहे: बायोसला झोपलेली डिस्क उठवता आली नाही तर ती दिसतच नाही. आणखी एक फसवणूक अशी, की वरची SSS ची ओळ नसेल तर कर्नल सगळे पोर्ट एकदम तपासतो आणि झोपलेल्या डिस्क एकदमच उठवतो. गर्दी बटणाच्या क्षणावरून वीस सेकंद पुढे ढकलली, एवढंच होतं. मी हे फक्त एकदा वापरलं, ते काढूनही टाकलं.

वडश्याकडे नाटकांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या एकाचं पिंजऱ्यातून पाळीने उठवणं नीट बसलं होतं. पंधरा दिवसांनी फोन, "सुरू नीट होते, पण रात्री बंद पडून राहिला." त्याने वीज वाचवायला डिस्क वीस मिनिटांनी झोपाव्यात असं लावलं होतं. पहाटे कोणी फाइल उघडली की रेडला सगळ्या डिस्क लागत, आणि त्या सगळ्या एकदम उठत. बूटच्या वेळची पाळी तिथे लागू नव्हती. रेडमधल्या डिस्क झोपवूच नका:

```
sudo hdparm -S 0 /dev/sdX
```

सातवी पायरी: एसएमपीएस बदलणं

सगळ्यात खर्चिक, आणि माझ्या मते खरा इलाज हाच. आठच्या वर डिस्क असतील आणि पिन अकराचा मार्ग बंद असेल तर मी सरळ इथे येतो. सुरू होतानाची बेरीज काढायची, त्यावर तीस टक्के ठेवायचे. नागभीडला सव्वीस अधिक तीस टक्के म्हणजे चौतीस अँपिअर. आम्ही ५५० वॅटचा घेतला, ज्याच्या लेबलवर बारा व्होल्टच्या एकाच लाईनवर ४५ अँपिअर होते. म्हणजे जवळजवळ सगळी ताकद जिथे हवी तिथे. हजार वॅटचा घ्यायची गरज नाही. ते पैसे बॅकअपच्या डिस्कला लावा. नव्या एसएमपीएससोबत जुन्याच्या मॉड्यूलर केबली कधीही वापरू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांची जागा कंपनीगणिक बदलते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा गेलं तर सगळ्या डिस्क एका झटक्यात संपतात.

कुठे थांबायचं

एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट राहू शकतं.

एखादी डिस्क चांगल्या एसएमपीएसवर एकटी लावूनही टकटक करत असेल तर तिला पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. तिच्यावरचा डेटा हवा असेल तर ती बंद ठेवा आणि डेटा परत काढणाऱ्याकडे न्या. रेड-५ मधल्या दोन किंवा रेड-६ मधल्या तीन डिस्क एकदम बाहेर गेल्या असतील तर जबरदस्तीने जोडण्याच्या किंवा नव्याने रेड बनवण्याच्या आज्ञा देऊ नका. विजेमुळे गेल्या असतील तर डेटा बहुधा शाबूत असतो, चुकीच्या आज्ञेनंतर तो राहत नाही. `mdadm --examine` चं सगळ्या डिस्कचं उत्तर फाइलमध्ये ठेवा आणि हे काम आधी केलेल्या माणसाला दाखवा.

आणि पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर तो डिस्कचा विषय नाही. सॉकेटला अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. मशीनचा प्लग काढा, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, मग वरच्या पायऱ्या सुरू करा.